नाव ठाऊक नसताना नमस्कार कोणाला?

शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या सेवा विभागात मी बरीच वर्षे काम केले. पावतीवर, हमीपत्रावर आणि पंपाच्या खोक्यावर कंपनीचा एकच ईमेल पत्ता छापलेला असे आणि त्यावर येणारी सगळी पत्रे आमच्याकडे येत. आम्ही चौघे होतो: तिघी बायका आणि एक पुरुष. सोमवारी सकाळी संगणक सुरू केला की रविवारची साठलेली पत्रे एकाखाली एक दिसत आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात 'सर' या एकाच शब्दाने झालेली असे. काहींनी 'सर/मॅडम' लिहिलेले असे, एखाद्याने 'टु हूम इट मे कन्सर्न'. वर्षभरातली ही हजारो पत्रे वाचून माझे एक मत बनले आहे. समोरच्याचे नाव ठाऊक नाही, बाई आहे की बुवा हेही ठाऊक नाही, अशा वेळी सुरुवात कशी करावी हा प्रश्न आपण उगीच अवघड करून ठेवला आहे. तो इंग्रजी पत्राच्या रचनेतून आलेला आहे आणि त्याचे उत्तर मराठीत आधीपासून आहे.

आधी एक प्रसंग सांगते, कारण चुकलेला मायना म्हणजे नुसता शिष्टाचाराचा प्रश्न आहे असे अनेकांना वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचे पत्र आले. उन्हाळी कांद्याला पाणी देणारी त्यांची ५ एचपीची सबमर्सिबल मोटार दहा मिनिटे चालून बंद पडत होती. पत्राची सुरुवात 'सर' अशी होती. मी त्याच दिवशी उत्तर लिहिले: मोटार चालू असताना स्टार्टरवर तिन्ही फेजमधले व्होल्टेज मोजून कळवा, आणि पंपाच्या पाटीवरचा क्रमांक पाठवा. खाली माझे पूर्ण नाव होते. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: "मॅडम, निरोप मिळाला. साहेबांना माझे पत्र दाखवा. ते काय म्हणतात ते कळवा." मी पुन्हा तेच आकडे मागितले. ते साहेबांच्या उत्तराची वाट पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी मी फोन केला, गावातल्या वायरमनला बोलावून आकडे घ्यायला लावले: ४१२, ४०८ आणि ३५०. एक फेज खाली बसलेला होता. व्होल्टेज असे असमान झाले की मोटारीत ज्यादा करंट ओढला जातो आणि ओव्हरलोड रिले तिला बंद करतो; तो आपले काम चोख करत होता. मोटार चांगली होती, दोष डीपीवरच्या सैल जोडात होता. तो आवळायला अर्धा तास लागला. पण पाण्याची एक पाळी तोवर चुकली होती.

ते गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी माझा अपमान केला असे मला तेव्हाही वाटले नाही. पण पत्राच्या पहिल्या शब्दातच त्यांनी ठरवून टाकले होते की निर्णय घेणारा माणूस पुरुष असणार. मग बाईचे उत्तर आले तेव्हा ते उत्तर नसून निरोप आहे, असे त्यांना वाटणे साहजिक होते. मायन्यात केलेला अंदाज मायन्यापुरता राहत नाही. आपण कोणाशी बोलतो आहोत याची एक कल्पना तो लिहिणाऱ्याच्याच मनात बसवतो आणि पुढे आलेले उत्तर त्या कल्पनेतून वाचले जाते. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आता हा अंदाज आपण मुळात का करतो ते पाहू. इंग्रजी पत्र 'डिअर' या शब्दाने सुरू होते. 'डिअर' हे विशेषण आहे. त्याच्यापुढे नाम आल्याशिवाय ते उभे राहत नाही. नाव ठाऊक असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर ती रिकामी जागा कशाने तरी भरावीच लागते, आणि भरण्यासाठी 'सर' किंवा 'मॅडम' हेच दोन शब्द हाताशी असतात. 'महोदय' आणि 'महोदया' हे आपल्याकडचे शब्दही त्याच जागेसाठी वापरले जातात. 'प्रिय महोदय' तर उघडच भाषांतर आहे. मराठीत 'प्रिय' हा शब्द आपण मैत्रिणीला, भावाला, मुलीला लिहितो, पाणीपुरवठा खात्याला लिहीत नाही. थोडक्यात, लिंगाचा अंदाज बांधायला आपल्याला समोरचा माणूस भाग पाडत नाही. ज्या रचनेने आपण पत्र उघडतो ती रचना भाग पाडते.

मराठी पत्राचा कणा वेगळा आहे. 'स. न. वि. वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष', हे आपल्या आजोबांच्या पिढीला श्वासासारखे सवयीचे होते. त्यातला 'नमस्कार' स्वतःच पूर्ण आहे. त्याला पुढे कोणतेही नाम लागत नाही, कारण तो लिहिणाऱ्याची कृती सांगतो. मी नमस्कार केला, एवढ्यावर वाक्य संपते. घेणारा पुरुष आहे, बाई आहे, दोन्ही नाही, एक आहे की दहा आहेत, याने त्यात काहीही फरक पडत नाही.

जुन्या मायन्याचा मी आंधळा गौरव करत नाही. त्याच पत्रात 'नमस्कारा'च्या वर 'रा. रा.', 'ती.', 'चि.', 'सौ.', 'गं. भा.' असे काही ना काही असायचे. त्यातून घेणाऱ्याचे वय, नाते, लिंग आणि बाई असेल तर तिचा नवरा जिवंत आहे की नाही हेसुद्धा पाकिटावरच जाहीर होत असे. तो भाग गेला ते उत्तम झाले. पण त्याच्याबरोबर आपण 'नमस्कार' टाकून देऊन 'सर' उचलला, हा व्यवहार मात्र तोट्याचा झाला.

याहून मोलाची गोष्ट मराठीच्या क्रियापदात आहे. 'आपण पत्र पाठवलेत', 'आपण कळवाल', 'आपण आलात', 'आपण लक्ष घालावे ही विनंती': यातले एकही वाक्य समोरचा पुरुष आहे की बाई हे विचारत नाही. उलट, लिहिणाऱ्याला मात्र आपण कोण ते सांगावे लागते. 'विनंती करतो' की 'विनंती करते' यातून तो प्रकट होतोच. म्हणजे मराठीत अनोळखी माणसाला दोन पाने पत्र लिहिले तरी त्याचे लिंग माहीत असण्याची जवळपास कधीच गरज पडत नाही. अडचण फक्त पहिल्या ओळीत येते आणि ती ओळ आपण बाहेरून आणलेली आहे.

मग पहिल्या ओळीत कोणाला हाक मारायची? इथे पत्ता स्वतःच उत्तर देतो. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ज्या दस्तऐवजांत नोंदवले जातात त्यांतला `RFC 2142` हा दस्तऐवज मे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थेच्या कोणत्या कामासाठी टपालपेटीचे कोणते नाव वापरावे हे त्यात दिले आहे: माहितीसाठी `info@`, विक्रीसाठी `sales@`, ग्राहकाच्या अडचणींसाठी `support@`, गैरवापराच्या तक्रारींसाठी `abuse@`. ही नावे माणसांची नाहीत, कामांची आहेत, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहेत. माणूस रजेवर जातो, बदलून जातो, निवृत्त होतो. काम तिथेच राहते. असा पत्ता एका माणसाचा असेल असे धरणेच चूक आहे. आमच्याकडे सकाळचे पत्र एक जण वाचत असे, तपासणी दुसरी करत असे आणि उत्तर कधीकधी तिसरी लिहीत असे. त्या पत्राचा 'सर' नेमका कोण होता? कोणीच नव्हता. पत्र विभागाकडे आले होते, म्हणून हाकही विभागालाच मारायला हवी.

हे काही नवे नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला तेव्हापासून लोक 'प्रति, जन माहिती अधिकारी' असे लिहून अर्ज करत आहेत. त्या खुर्चीत कोण बसले आहे याची चौकशी कोणी करत नाही, आणि पदाला लिहिले म्हणून कोणी रागावतही नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा 'संपादक' असे लिहितो. जपानी भाषेत तर यासाठी स्वतंत्र शब्दच आहे. माणसाच्या नावापुढे आदरार्थी 'सामा' लावतात; पत्र कंपनीला किंवा विभागाला असेल तर त्याच्या नावापुढे 'ओन्चू' लावतात, आणि हे दोन्ही एकत्र लावणे चूक मानले जाते. माणूस आणि संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या भाषेने पाकिटावरच मान्य केले आहे.

जर्मन लोकांचा अनुभवही बोलका आहे. अनोळखी कार्यालयाला लिहिताना 'आदरणीय स्त्रिया आणि पुरुषहो' या अर्थाचे एक ठरीव वाक्य ते वापरत आले आहेत. पुरुषाला गृहीत धरण्यापेक्षा ते नक्कीच बरे. पण २०१८ सालच्या कायद्याने तिथे जन्मनोंदणीत स्त्री आणि पुरुष यांच्याखेरीज तिसऱ्या नोंदीची सोय झाली, आणि दोघांची यादी करणारे ते वाक्य अपुरे ठरू लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालच्या नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, तेव्हा 'सर/मॅडम'मधल्या तिरक्या रेघेचीही तीच गत आहे. आज अनेक जर्मन माणसे अशा पत्राची सुरुवात 'गूटेन टाग' म्हणजे 'शुभ दिवस' अशी करतात. यादी लांबवण्यापेक्षा त्यांनी यादीच सोडली आणि अभिवादनाकडे वळले. त्यांना वळावे लागले. आपल्याला फक्त परत यायचे आहे.

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही मला विचार करण्यासारखे वाटतात.

पहिला आक्षेप कायद्याचा आहे. 'सर' किंवा 'महोदय' हा शब्द रूढीने सर्वांनाच लागू होतो, मग त्यात लिंग कशाला शोधायचे? जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम १३ मध्येही म्हटले आहे की केंद्रीय कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. हे खरे आहे. पण ते कलम कायद्याचा अर्थ लावण्यासाठी आहे आणि कायदा कोणाला हाक मारत नाही. कायद्यातला 'तो' एखाद्या वर्गाविषयी बोलतो. पत्रातला 'सर' एका जिवंत माणसाशी बोलतो. शिवाय खरोखरच या शब्दात सर्व येत असते, तर माझे नाव वाचल्यावर त्या शेतकऱ्याने 'सर' सोडून 'मॅडम' लिहिले नसते, आणि 'साहेबां'ना पत्र दाखवायलाही सांगितले नसते.

दुसरा आक्षेप आदराचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. आपल्याकडे 'सर' हा शब्द नुसता लिंगवाचक नाही. खालच्या माणसाने वरच्याकडे काही मागताना हात जोडावेत तसा तो येतो. तो गाळला तर उद्धटपणा वाटेल आणि काम अडेल, ही भीती खरी आहे. केरळमध्ये पालक्काड जिल्ह्यातल्या मात्तूर ग्रामपंचायतीने २०२१ साली आपल्या कार्यालयात 'सर' आणि 'मॅडम' हे शब्द बंद केले, ते याच कारणाने: नागरिकाने आपल्या हक्काच्या कामासाठी कोणाला मालक मानू नये. त्यांनी पर्याय दिला तो नावाचा किंवा पदाचा. मी तेवढे टोक गाठत नाही. मी एवढेच म्हणते की मराठीत आदर ठेवण्याची जागा दुसरीकडे आहे. 'आपण', 'कळवावे', 'कृपया', 'ही विनंती' या शब्दांत भरपूर आदर आहे आणि तो पूर्ण पत्रभर पुरतो. वर 'सर' लिहून खाली 'लवकर रिप्लाय करा' असे दटावणारी पत्रे आम्हाला रोज येत. 'सादर नमस्कार' लिहून नम्रपणे मुद्द्यावर येणारे पत्र कोणालाही उद्धट वाटल्याचे मी कधी पाहिले नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: 'सर/मॅडम' लिहिले की संपले, एवढा विचार कशाला? सरकारी अर्जाचा नमुना ठरलेला असेल तिथे 'महोदय/महोदया' खुशाल लिहावे. नमुना मोडून तिथे काही साधत नाही. पण कंपनीच्या पेटीत आलेले पत्र उघडण्याआधी त्याचा विषय आणि पहिली अर्धी ओळ यादीत दिसते. ती अर्धी ओळ 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' यात गेली, तर पत्र कशाचे आहे ते कळत नाही, आणि एकाच मजकुराने शेकडो ठिकाणी पाठवलेल्या जाहिरातीही नेमक्या अशाच सुरू होतात. 'टु हूम इट मे कन्सर्न' तर दाखल्याची भाषा आहे. दाखला कोणापुढे ठेवला जाईल हे देणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून तिथे ती योग्य. आपल्याला उत्तर हवे आहे आणि कोणाकडून हवे तेही ठाऊक आहे, तिथे ती परकी वाटते.

तर मग करायचे काय? त्या शेतकऱ्याचेच पत्र पुन्हा लिहून पाहू. आधी पावती किंवा संकेतस्थळ पाहून कामाचे नाव काढायचे. बहुतेक ठिकाणी सेवा, विक्री, लेखा, भरती यांपैकी काही तरी सापडते. काहीच सापडले नाही तर आपले काम ज्या विभागाचे असेल त्याचे साधे नाव घ्यायचे. विषयाच्या ओळीत यंत्र आणि बिघाड लिहायचा: '५ एचपी सबमर्सिबल पंप, दहा मिनिटांत ओव्हरलोडवर बंद पडतो'. आणि मग पत्र:

"सेवा विभागास सादर नमस्कार.
मार्चमध्ये घेतलेला आपला पंप सोमवारपासून दहा मिनिटे चालून बंद पडतो. पाटीवरचा क्रमांक आणि पावती सोबत जोडली आहे. पुढे काय तपासावे, ते कृपया कळवावे. कांद्याची पाळी शनिवारी आहे."

एवढेच. पहिल्या ओळीत कोणाचा अंदाज नाही, पण आदर आहे, आणि पत्र कोणत्या टेबलावर जावे हेही त्याच ओळीत सांगितले आहे. असे पत्र लिहिणाऱ्याच्या मनात कोणी 'साहेब' बसलेला नसतो, म्हणून उत्तर कोणाच्याही नावाने आले तरी तो ते उत्तर म्हणूनच वाचतो. पत्र इंग्रजीत लिहायचे असेल तर हीच रचना 'डिअर सर्व्हिस टीम' किंवा 'हॅलो' अशी साधते. नोकरीच्या अर्जाला 'भरती विभागास सादर नमस्कार' चालते. इंग्रजीत 'डिअर हायरिंग मॅनेजर' हे त्याच जातीचे आहे. नुसते 'हाय टीम' मात्र ओळखीच्या लोकांत शोभते. पहिल्याच पत्रात ती सलगी होते.

उत्तर आले की नाव कळते, आणि इथे पुन्हा एकदा सावध राहावे लागते, कारण नाव कळले म्हणजे लिंग कळले असे नाही. किरण बेदी आणि किरण मोरे ही दोन नावे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. सही नुसती 'किरण' असेल तर काय लिहाल? याही वेळी मराठी मदतीला येते. 'किरण यांस सादर नमस्कार' किंवा 'किरण यांना नमस्कार' म्हणा. 'हे' आणि 'ह्या' वेगळे असले तरी 'यांस' आणि 'यांना' दोघांनाही सारखेच, आणि आदरार्थीसुद्धा. सहीत समोरच्याने 'श्री.' किंवा 'श्रीमती' लिहिले असेल तर ते जसेच्या तसे वापरावे. लिहिले नसेल तर आपण जोडू नये. आपल्याला काय म्हणावे हे सांगण्याचा हक्क ज्याचे नाव आहे त्याचा आहे.

एक मर्यादा मान्य करते. ज्या माणसाचे नाव दोन मिनिटांत सापडू शकते, त्याला विभागाच्या नावाने लिहिणे हा आळस आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर दिलेले असेल, जाहिरातीत संपर्काची व्यक्ती नमूद असेल, तर नावानेच लिहावे. विभागाला नमस्कार हा नाव शोधण्याला पर्याय नाही. नाव नसते तिथे अंदाज करण्याला तो पर्याय आहे.

पुढचे पत्र एखाद्या `info@` पत्त्यावर लिहाल, तेव्हा बोटे सवयीने 'सर' टंकू लागतील. तिथे क्षणभर थांबा. पलीकडे कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. विभागाचे नाव लिहा, सादर नमस्कार करा आणि कामाचे बोला.